फोटोतल्या टेबलवरून रिअ‍ॅक्शनची ऑर्डर कशी काढायची, आणि पुसट घात कसा पकडायचा

चवथीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. डिचोलीत माझ्याकडे शिकवणीला येणारी बारावीची एक मुलगी, रात्री साडेनऊला तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला आणि खाली मेसेज, "सर, H₂ ची ऑर्डर ३ येते, मागे उत्तरात १ दिलंय, पुस्तक चुकलंय ना?" बाहेर पाऊस धो धो, लाईट गेलेली, तिनं आईच्या मोबाईलचा टॉर्च पानावर मारून आपल्या मोबाईलनं फोटो काढलेला, आणि त्या टॉर्चचा पांढरा गोळा बरोबर शेवटच्या कॉलमवर पडलेला. गणित तिनं एकदम व्यवस्थित केलं होतं. चूक गणितात नव्हतीच, ती फोटोत होती.

असे फोटो मला आठवड्याला दहा तरी येतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहून टाकूया. आपल्याकडे हायर सेकंडरीत सायन्स इंग्रजीतूनच चालतं, त्यामुळे मी रेट, ऑर्डर, कॉन्सन्ट्रेशन हेच शब्द वापरतो. मराठी पुस्तकात ऑर्डरला अभिक्रियेची कोटी म्हणतात, पण वर्गात ते कुणी म्हणताना मी तरी ऐकलं नाही.

हे टेबल नेमकं काय सांगतं

किनेटिक्समध्ये दोन प्रकारची टेबलं येतात आणि नवीन पोरं ती एकमेकांत मिसळतात. एकात डाव्या बाजूला वेळ असतो, म्हणजे ० मिनिटं, १० मिनिटं, २० मिनिटं, आणि समोर कॉन्सन्ट्रेशन कमी कमी होत जातं. तिथे एकच प्रयोग चालू असतो आणि आपण मधेमधे डोकावून बघतोय. दुसऱ्यात एक्सपेरिमेंट १, २, ३, ४ असं लिहिलेलं असतं, दर ओळीत कॉन्सन्ट्रेशन वेगळं आणि शेवटी इनिशियल रेट. इथे प्रत्येक ओळ म्हणजे वेगळं भांडं, वेगळी सुरुवात, आणि सुरुवातीच्याच क्षणाचा वेग, जेव्हा अजून काही फारसं संपलेलं नसतं. मी आज फक्त ह्या दुसऱ्याबद्दल बोलतोय. पहिल्याला ही पद्धत लावत बसलात तर डोकं धरून बसाल, तिथे ग्राफ किंवा हाफ लाइफचं काम असतं.

त्या मुलीचा प्रश्न नायट्रिक ऑक्साईड आणि हायड्रोजनचा होता. 2NO + 2H₂ → N₂ + 2H₂O. ही जुनी नावाजलेली रिअ‍ॅक्शन आहे, १९२६ मध्ये हिन्शेलवूड आणि ग्रीन ह्यांनी अभ्यासलेली, आणि ह्याच हिन्शेलवूडना पुढे १९५६ चं नोबेल मिळालं. आपल्याला रेट लॉ असा लिहायचाय:

```
rate = k [NO]^x [H2]^y
```

चौकटी कंसातलं म्हणजे कॉन्सन्ट्रेशन, x ही NO ची ऑर्डर, y ही H₂ ची, आणि k म्हणजे रेट कॉन्स्टंट, जो सगळ्या ओळींत तोच राहतो. x आणि y हेच शोधायचं. आणि इथे पहिली सवय तोडायची ती म्हणजे समीकरणात NO च्या पुढे 2 आहे, H₂ च्या पुढेही 2 आहे, मग x = 2, y = 2 लिहून मोकळं व्हायचं. नाही. ऑर्डर समीकरणातून वाचता येत नाही, प्रयोगातूनच येते, म्हणून तर हे टेबल दिलंय ना, नाहीतर त्यांनी एवढी शाई कशाला खर्च केली असती.

आधी फोटो, गणित मग

फोटो बघून थेट कॅल्क्युलेशन सुरू करू नका. आधी टेबल कागदावर हातानं उतरवा, स्क्रीनवर झूम करत करत, एक एक खण. कंटाळवाणं वाटतं पण नव्वद टक्के भांडणं इथेच मिटतात असा माझा अंदाज, मोजलेलं काही नाही.

उतरवताना घात, म्हणजे १० च्या डोक्यावरचा तो छोटा आकडा, सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त वेळ देऊन बघायचा. कारण तो मुळात बारीक छापलेला असतो, त्यात फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो, आणि बारीक अक्षरं पहिली मरतात. उणे चिन्ह तर अख्खंच गायब होतं. छापील इंग्रजी 3 आणि 8, 5 आणि 6, 1 आणि 7, ह्या जोड्या पुसट झाल्या की वेगळ्या ओळखू येत नाहीत. मित्राकडून फोटो मागवत असाल तर त्याला सांगा, डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग मूळ फोटो आहे तसा येतो. आणि स्वतः काढत असाल तर फ्लॅश बंद, खिडकीजवळ, पान सपाट. गाईडचं पान गुळगुळीत असतं, टॉर्च मारला की आरशासारखं चमकतं.

जो खण वाचता येत नाही तिथे अंदाजानं आकडा लिहायचा नाही, प्रश्नचिन्ह टाकायचं. हे मी फार कडक सांगतो, कारण एकदा अंदाज शाईनं लिहिला की पाच मिनिटांनी तो तुम्हालाच खरा वाटायला लागतो. त्या मुलीचं तेच झालं होतं. तिच्या फोटोतलं टेबल मी उतरवलं ते असं:

| प्रयोग | [NO] मोल/लिटर | [H₂] मोल/लिटर | इनिशियल रेट, मोल/लिटर/सेकंद |
|---|---|---|---|
| १ | ४.० × १०⁻³ | २.० × १०⁻³ | ८.० × १०⁻⁶ |
| २ | ८.० × १०⁻³ | २.० × १०⁻³ | ३.२ × १०⁻⁵ |
| ३ | ८.० × १०⁻³ | ६.० × १०⁻³ | ९.६ × १०⁻? |
| ४ | १.२ × १०⁻² | ३.० × १०⁻³ | १.०८ × १०⁻⁴ |

तिसऱ्या ओळीतला घात टॉर्चच्या गोळ्यात बुडालेला. तिनं तिथे −४ धरला, का, तर खालच्या ओळीत −४ होता.

अजून एक गोष्ट ह्याच टप्प्यावर, फोटो वरून कापलेला नाही ना बघा. कॉलमचं डोकं आणि प्रश्नाचं वाक्य दोन्ही फोटोत पाहिजेत. ते का ते k काढताना सांगतो.

दोन ओळी निवडा, भागाकार करा

पद्धत साधी आहे. अशा दोन ओळी शोधायच्या ज्यांत एका पदार्थाचं कॉन्सन्ट्रेशन तेच राहिलंय आणि दुसऱ्याचं बदललंय. मग रेटमध्ये जो फरक पडला तो सगळा त्या बदललेल्या पदार्थामुळे. इथे ओळ १ आणि २ मध्ये H₂ तेच, २.० × १०⁻³, आणि NO दुप्पट झालाय. खालच्या ओळीचा रेट वरच्या ओळीच्या रेटनं भागा:

```
rate2 / rate1 = (3.2 × 10^-5) / (8.0 × 10^-6) = 4
[NO]2 / [NO]1 = 8.0 / 4.0 = 2
2^x = 4   →   x = 2
```

k दोन्हीकडे तोच म्हणून कटला, H₂ तेच म्हणून तेही कटलं, उरला फक्त दोनचा x वा घात बरोबर चार. NO दुप्पट केला तर रेट चौपट, म्हणजे NO मध्ये ऑर्डर २.

इथे घातांचा भागाकार सांभाळून करा हं. १०⁻⁵ भागिले १०⁻⁶ म्हणजे १०, दशांश नव्हे. ३.२ भागिले ८.० म्हणजे ०.४, गुणिले १०, चार. घाईत घात विसरून नुसतं ०.४ लिहिणारे दरवर्षी भेटतात, आणि मग 2^x = 0.4 सोडवत बसतात, x येतो −१.३२. पुस्तकी टेबलमधून −१.३२ सारखं काही आलं की पहिला संशय आपल्या घातावर घ्यायचा.

आकडा सरळ ओळखू येत नसेल तेव्हा लॉग घ्या. रेटच्या गुणोत्तराचा लॉग भागिले कॉन्सन्ट्रेशनच्या गुणोत्तराचा लॉग, झाली ऑर्डर. log 2 = ०.३०१ आणि log 3 = ०.४७७ एवढे दोन पाठ असले तरी बहुतेक प्रश्न सुटतात, कारण टेबलं बनवणारे दुप्पट, तिप्पट, चौपट ह्याच्या पलीकडे सहसा जात नाहीत. जेईई आणि नीटला कॅल्क्युलेटर नसतो, तिथे हे दोनच कामी येतात.

आणि समजा कॉन्सन्ट्रेशन दुप्पट होऊन रेट आहे तसाच राहिला, तर 2^x = 1, x शून्य. पोरं इथे उगाच घाबरतात, काहीतरी चुकलं असं वाटून परत परत करतात. शून्य ऑर्डर हे चांगलं खणखणीत उत्तर आहे.

आता तो बुडालेला घात

H₂ साठी ओळ २ आणि ३ घ्यायच्या. NO दोन्हीकडे ८.० × १०⁻³, H₂ तिप्पट. रेटचं गुणोत्तर मात्र प्रश्नचिन्हावर अवलंबून. मग तिन्ही शक्यता मांडून बघू, घात −४, −५ किंवा −६:

```
10^-4 :  rate3/rate2 = 30    →  y = 1.477 / 0.477 = 3.1
10^-5 :  rate3/rate2 = 3     →  y = 1
10^-6 :  rate3/rate2 = 0.3   →  y = -0.523 / 0.477 = -1.1
```

बघा मजा. घात एकानं चुकला की उत्तर वेडंवाकडं येईल असं वाटतं, पण इथे ३.१ आणि −१.१ आले, दोन्ही पूर्णांकाच्या इतके जवळ की कुणीही गोल करून ३ आणि −१ लिहील. मुलीनं तेच केलं. कारण असं की तिप्पट बदलात एक घात चुकला, म्हणजे रेट दहापट चुकला, की ऑर्डर 1/0.477 म्हणजे साधारण २.१ नं सरकते, आणि २.१ हे २ च्या फार जवळ. दुप्पट बदल असता तर ऑर्डर 1/0.301 म्हणजे ३.३ नं सरकली असती आणि उत्तर ४.३ वगैरे येऊन लगेच डोळ्यात खुपलं असतं. म्हणजे जिथे कॉन्सन्ट्रेशन तिप्पट झालंय तिथली घाताची चूक गुपचूप लपते. हे मलाही शिकवायला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं, पुस्तकात कुठे कुणी लिहिलेलं मी बघितलं नाही.

पण ३.१ आणि ३ ह्यात फरक आहे आणि तो फरक बोलतो. छापील प्रश्नातली टेबलं बहुतेक वेळा उलट्या बाजूनं बनवलेली असतात, म्हणजे आधी ऑर्डर आणि k ठरवायचे आणि मग रेट काढून खणात भरायचे. त्यामुळे भागाकार चोख यायला हवा. ऑर्डर खरंच ३ असती तर तिप्पट केल्यावर रेट २७ पट व्हायला हवा होता, ३० पट नाही. −१ असती तर ०.३३३ यायला हवं होतं, ०.३ नाही. चोख बसतं ते फक्त ३ पटीचं गुणोत्तर, म्हणजे घात −५ आणि y = १.

उणे ऑर्डर म्हणून −१ ला मात्र नुसतं हाकलू नका. उणे ऑर्डर असते. ओझोन तुटून ऑक्सिजन होतो त्या रिअ‍ॅक्शनमध्ये रेट ऑक्सिजनच्या −१ ऑर्डरवर चालतो, म्हणजे ऑक्सिजन जास्त असला की वेग कमी. म्हणून "उणे आलं म्हणजे चूक" हा नियम धरून चालायचं नाही, तपासायचं.

चौथी ओळ कशासाठी असते

दोन पदार्थ असले की तीन ओळींत काम होतं. मग चौथी ओळ का देतात? पोरांना वाटतं गोंधळवायला. मी म्हणतो, तो तुमचा साक्षीदार आहे. गणितात न वापरलेली एक ओळ शिल्लक असेल तर तिच्यावर आपलं उत्तर तपासायचं, आणि फोटोवरून काम करताना तर हे केल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

ओळ १ ची ओळ ४ शी तुलना करा. NO ४.० × १०⁻³ वरून १.२ × १०⁻² वर गेला, म्हणजे ३ पट (इथे घात बदललाय, नीट बघा, १.२ भागिले ४.० करून ०.३ लिहू नका). H₂ २.० वरून ३.० वर, १.५ पट. रेट ८.० × १०⁻⁶ वरून १.०८ × १०⁻⁴, म्हणजे १३.५ पट. आता x = २ पक्का आहे, y च्या तिन्ही उमेदवारांना विचारूया, बाबा तुझ्या हिशेबानं किती पट यायला हवं होतं:

```
y = 3  :  3^2 × 1.5^3  = 9 × 3.375 = 30.4
y = 1  :  3^2 × 1.5    = 13.5
y = -1 :  3^2 / 1.5    = 6
```

तेरा पॉइंट पाच. वाद संपला. मुलीला मी एवढंच विचारलं होतं, "चौथ्या ओळीत ३ टाकून बघितलंस?" दहा मिनिटांनी उत्तर आलं, "सर ३० येतंय," आणि मग एक कपाळावर हात मारलेला इमोजी. लाईट आल्यावर तिनं पुस्तक उघडून बघितलं, −५ च होता.

ह्याच चौथ्या ओळीची युक्ती दुसरीकडेही लागते. कधी कधी टेबलात अशा दोन ओळीच सापडत नाहीत जिथे NO तेच आणि H₂ बदललंय. तेव्हा आधी जो x मिळतो तो काढून घ्यायचा, मग दोन्ही बदललेल्या ओळी घेऊन रेटच्या गुणोत्तरातून x चा वाटा भागून टाकायचा. आपल्या टेबलात तिसरी ओळ पूर्णच फाटलेली असती तरी चाललं असतं, १३.५ मधून NO चे ९ भागले की उरतात १.५, आणि H₂ पण १.५ पटच झालंय, म्हणजे y = १. एवढंच.

समीकरणात H₂ पुढे 2 असून y १ कसा, हा प्रश्न हुशार पोरं विचारतात. रिअ‍ॅक्शन एका दमात होत नाही. मान्य असलेली एक चाल अशी की दोन NO आधी पटकन एकत्र येऊन N₂O₂ होतो, मग त्यावर एक H₂ येऊन आदळतो ही सगळ्यात हळू पायरी, आणि दुसऱ्या H₂ चं काम त्यानंतर झटपट उरकतं. हळू पायरीपर्यंत दोन NO आणि एकच H₂ लागलाय. रांगेत जिथे सगळे अडकतात तिथलाच वेग सगळ्यांचा वेग, आपल्या मांडवीच्या जुन्या पुलावर गाड्या अडकायच्या तसं.

k काढताना कॉलमचं डोकं

एकूण ऑर्डर २ + १ = ३. आता k:

```
k = rate / ([NO]^2 [H2])
  = 8.0×10^-6 / (16×10^-6 × 2.0×10^-3)
  = 250 L^2 mol^-2 s^-1
```

एकाच ओळीवर थांबू नका, बाकीच्या ओळींतही टाकून बघा, चारही ओळींत २५० च यायला पाहिजे. एका ओळीत २५०० किंवा २५ आलं की समजायचं त्या ओळीत एक घात चुकीचा उतरवलाय, आणि कुठल्या ओळीत तेही आपोआप कळतं. म्हणजे फोटो तपासायची ही दुसरी चाळणी झाली.

पण एक चूक अशी आहे जी ह्या चाळणीतून अलगद निसटते, कारण ती सगळ्या ओळींत सारखीच होते. कॉलमच्या डोक्यावर कधी कधी [NO] × १०³ असं छापतात आणि खाली नुसतं ४.०, ८.०, १२. ह्याचा अर्थ काय? खऱ्या आकड्याला १०³ नं गुणलं तेव्हा ४.० झाला, म्हणजे खरा आकडा ४.० × १०⁻³. डोक्यावर अधिक ३ दिसला तरी आपण लिहिताना उणे ३. पोरं इथे हमखास उलटं करतात, ४.० × १०³ धरतात, आणि लिटरमध्ये चार हजार मोल NO कोंबतात. ऑर्डर तरीही बरोबर येते बरं का! कारण भागाकारात तो गुणक दोन्हीकडून कटतो. म्हणूनच लोक गाफील राहतात. k मात्र पार वाहून जातो. दोन्ही कॉन्सन्ट्रेशनच्या कॉलमांत असं उलटं केलं तर प्रत्येक आकडा १०⁶ पट मोठा झाला, आणि तिसऱ्या ऑर्डरमध्ये असे तीन गुणले जातात, k १०¹⁸ पट लहान. डोकं फोटोत कापलेलंच असेल आणि नुसते ४.०, २.० धरले, रेट मात्र बरोबर घेतला, तर २५० च्या जागी २.५ × १०⁻⁷. आणि चारही ओळींत तोच, एकदम ठाम.

म्हणून वर म्हटलं, डोकं फोटोत पाहिजेच. डोकं नसेल तर ऑर्डर बिनधास्त काढा, k काढू नका, आधी डोक्याचा फोटो मागवा.

प्रश्नाच्या वाक्यातही अशीच एक काडी असते. "रेट" लिहिलंय की "NO संपायचा रेट" लिहिलंय ते वाचा. समीकरणात NO पुढे 2 आहे, म्हणजे NO संपायचा वेग हा रिअ‍ॅक्शनच्या रेटच्या दुप्पट. आपल्या टेबलातला शेवटचा कॉलम NO संपायचा असता तर k २५० नाही, १२५ आला असता. ऑर्डरला ह्यातलं काही लागत नाही. रेट मिनिटात दिलाय की सेकंदात, तेही तसंच, ऑर्डर तीच, k मध्ये ६० चा फरक.

जर्नलचा फोटो असेल तर

पुस्तकातला नाही, प्रॅक्टिकलच्या जर्नलमधला फोटो असेल तर थोडं वेगळं वागायचं. बारावीला सोडियम थायोसल्फेट आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा प्रयोग असतो, कागदावर पेननं फुली मारायची, वर फ्लास्क ठेवायचा, सल्फरनं द्रावण पांढरट गढूळ होत जातं आणि फुली दिसेनाशी झाली की घड्याळ थांबवायचं. जर्नलमध्ये मग वेळेचा कॉलम असतो, रेटचा नाही. आणि मित्राच्या जर्नलच्या फोटोवरून करणारे तोच कॉलम रेट समजून भागतात, ऑर्डर येते उणे १, आणि मग मला फोन.

वेळ जास्त म्हणजे रेट कमी. फुली झाकायला दर वेळी साधारण तेवढाच सल्फर लागतो, म्हणून रेटच्या जागी १/t घ्यायचं. समजा ५० मिली थायोसल्फेटला २४ सेकंद लागले, आणि २५ मिली थायोसल्फेट अधिक २५ मिली पाण्याला ५० सेकंद, अ‍ॅसिड दोन्हीकडे तेवढंच. कॉन्सन्ट्रेशनचं गुणोत्तर २, रेटचं गुणोत्तर ५०/२४ म्हणजे २.०८, लॉग ०.३१८ भागिले ०.३०१, येतात १.०६. इथे मात्र १ म्हणायला हरकत नाही. छापील टेबलात ३.१ आल्यावर मी नाक मुरडलं, पण इथले आकडे डोळ्यांनी आणि स्टॉपवॉचनं आलेत, फुली नक्की कुठल्या क्षणी गेली ह्यावर दोन मुलांचं एकमत होत नाही. पाणी टाकून एकूण आकारमान सारखं ठेवलं होतं का तेवढं मित्राला विचारा, ते ठेवलं असेल तरच थायोसल्फेटचे मिली सरळ कॉन्सन्ट्रेशनच्या जागी वापरता येतात. आणि फ्लास्क तोच होता का तेही, कारण रुंद फ्लास्कमध्ये थर उथळ होतो आणि फुली उशिरा जाते.

दोनच रीडिंगवर मात्र ऑर्डर जाहीर करू नका, ५०, ४०, ३०, २०, १० मिली अशी पाच असतात ती सगळी घ्या. त्यातलं १० मिलीचं बहुतेक वेळा बिघडलेलं असतं, तीन चार मिनिटं फुलीकडे एकटक बघून बघून डोळे थकतात आणि पोरं आधीच "गेली गेली" म्हणून घड्याळ थांबवतात. आणि अर्धी रीडिंगं सकाळी अन् उरलेली जेवणानंतर घेतली असतील तर मधे लॅब तापलेली असते, रेट तापमानानं वाढतो, ऑर्डरचा त्यात काही दोष नाही. असं जर्नल दिसलं की मी कॉलमच्या कडेला तारीख वेळ लिहिलीय का ते आधी बघतो, आणि नसेल तर ती ऑर्डर पेन्सिलनं लिहायला सांगतो.